झाडात उतरायचं, पण परत कुठे यायचं?

१ ते २००० हे आकडे चढत्या क्रमाने एका साध्या बायनरी सर्च ट्रीमध्ये भरावेत आणि मग पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं फंक्शन वापरून पायथनला ते ओळीने छापायला सांगावं. सुरुवात झकास होते: १, २, ३, ४… आकडे भराभर पडद्यावर येतात. पण हजाराच्या थोडं अलीकडे छपाई एकाएकी अडते आणि खाली `RecursionError: maximum recursion depth exceeded` अशी ओळ उमटते. संगणकात गिगाबाइटच्या हिशेबात मेमरी मोकळी असते, आकडे अवघे दोन हजार असतात आणि फंक्शनमध्ये एकही चूक नसते. तरीही काम अर्धवट राहतं.

ते फंक्शन असं दिसतं:

```
def inorder(n):
    if n is None:
        return
    inorder(n.left)
    print(n.val)
    inorder(n.right)
```

बायनरी सर्च ट्रीचा नियम सोपा असतो. प्रत्येक नोडमध्ये एक आकडा असतो. त्याच्या डाव्या अंगाला त्याहून लहान आकडे जातात, उजव्या अंगाला मोठे. म्हणून सगळे आकडे चढत्या क्रमाने हवे असतील, तर आधी डावीकडचं सगळं छापायचं, मग स्वतःचा आकडा, मग उजवीकडचं सगळं. या फेरीला इनऑर्डर म्हणतात आणि वरच्या फंक्शनच्या शेवटच्या तीन ओळी नेमकं तेच सांगतात.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स शिकणारे अनेक जण या तीन ओळी पाठ करतात, परीक्षेत बिनचूक उतरवतात आणि तोंडी परीक्षेत मात्र एका प्रश्नाला अडखळतात: डावीकडे गेलेलं फंक्शन संपल्यावर `print`पाशी परत कोण आणतं? प्रश्न रास्त आहे. फंक्शनमध्ये ‘परत या’ असं कुठेच लिहिलेलं नाही. फंक्शन स्वतःलाच बोलावतं, ते पुन्हा स्वतःला बोलावतं, आणि मधेच कुठेतरी अर्धवट राहिलेली ओळ आपोआप पुढे चालू लागते. ज्याला रिकर्शन उमगत नाही, त्याची अडचण बहुधा इथेच असते. नियम त्याला कळलेला असतो. फक्त परतीची वाट कुठे नोंदवली जाते, ते दिसत नसतं.

ती नोंद होत असते. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं की पहिलं कुठल्या ओळीवर थांबलं आणि त्याच्याजवळ कोणत्या किमती होत्या, हे संगणक एका राखीव यादीत मांडून ठेवतो. या यादीला कॉल स्टॅक म्हणतात. शेवटी ठेवलेली नोंद सगळ्यात आधी उचलायची, एवढाच तिचा कायदा. टोपलीतल्या भाकरीच्या चवडीसारखा हा प्रकार आहे: नुकतीच तव्यावरून उतरलेली भाकरी वर असते आणि ताटात तीच आधी जाते. कॉल स्टॅकला लांबीची मर्यादा असते. पायथनमध्ये ती मुळात १००० ठेवलेली आहे. दोन हजार आकड्यांच्या त्या झाडात फंक्शन एकात एक इतकं खोल गेलं, की मर्यादा संपली.

मग एक साधा विचार पुढे येतो. संगणक जी यादी पडद्याआड ठेवतो, ती आपणच उघडपणे ठेवली तर? फंक्शनने स्वतःला बोलवायची गरजच उरत नाही. एक लूप आणि एक यादी पुरते.

ही कल्पना नवी नाही. डोनाल्ड नूथ यांनी ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या १९६८ साली निघालेल्या पहिल्या खंडात झाडाची ही फेरी पाच पायऱ्यांत मांडली आणि ती स्टॅक वापरूनच मांडली, रिकर्शनने नव्हे. त्याला व्यवहाराचंही कारण होतं. त्या काळातल्या सगळ्याच भाषांत फंक्शनला स्वतःला बोलावता येत नसे. फोरट्रानच्या प्रमाणित आवृत्तीत तर ही सोय अधिकृतपणे यायला फोरट्रान ९० उजाडावं लागलं. तोवर झाडात फिरायचं असेल, तर प्रोग्रॅमरला परतीच्या वाटेची यादी स्वतःच सांभाळावी लागे. आज जी पद्धत ‘अवघड पर्याय’ म्हणून शिकवली जाते, ती एके काळी नेहमीचीच होती.

पद्धत समजून घ्यायला सात आकड्यांचं झाड पुरेसं आहे. ५०, ३०, ८०, २०, ४०, ३५, ७० या क्रमाने आकडे भरले की असं झाड तयार होतं:

```
          50
        /    \
      30      80
     /  \    /
   20    40 70
        /
      35
```

आता हातात दोनच गोष्टी असतात. एक बोट, जे सध्या आपण कुठे उभे आहोत ते दाखवतं; आणि एक रिकामी यादी. नियमही दोनच. बोट एखाद्या नोडवर असेल, तर तो नोड यादीत ठेवायचा आणि बोट त्याच्या डावीकडे सरकवायचं. डावीकडे काहीच नसेल, बोट पोकळीत गेलं असेल, तर यादीतला शेवटचा नोड उचलायचा, त्याचा आकडा छापायचा आणि बोट त्याच्या उजवीकडे न्यायचं. बोट पोकळीत आणि यादीही रिकामी, की काम संपलं.

बोट ५० वर ठेवून सुरुवात करू. ५० यादीत जातो, बोट ३० वर येतं. ३० यादीत, बोट २० वर. २० यादीत, आणि २० च्या डावीकडे काही नाही. यादीत आता ५०, ३०, २० असे तिघे आहेत आणि अजून एकही आकडा छापलेला नाही. हे रास्तच आहे, कारण सगळ्यात लहान आकडा झाडाच्या डाव्या टोकाला असतो आणि तिथवर पोचेपर्यंत तोंड उघडायचं नसतं.

बोट पोकळीत आहे, म्हणून शेवटचा नोड, २०, उचलला. छापला. त्याच्या उजवीकडेही काही नाही, म्हणजे बोट पुन्हा पोकळीत. पुन्हा शेवटचा नोड उचलायचा: ३०. छापला. मात्र ३० च्या उजवीकडे ४० आहे, म्हणून बोट ४० वर गेलं. इथे पहिला नियम पुन्हा लागू होतो. ४० यादीत, बोट ३५ वर. ३५ यादीत, बोट पोकळीत. या क्षणी यादीत ५०, ४०, ३५ आहेत.

पुढचा प्रवास सरळ आहे. ३५ उचलून छापला, उजवीकडे काही नाही. ४० उचलून छापला, उजवीकडे काही नाही. ५० उचलून छापला आणि बोट ८० वर गेलं. आता यादी पूर्ण रिकामी आहे, पण बोट पोकळीत नाही, म्हणून थांबायचं नाही. ८० यादीत, मग ७० यादीत. ७० छापला, ८० छापला. बोट पोकळीत, यादी रिकामी. पडद्यावर २०, ३०, ३५, ४०, ५०, ७०, ८०.

ही सगळी हालचाल पायथनमध्ये एवढ्यात मावते:

```
def inorder(root):
    stack = []
    cur = root
    while cur is not None or stack:
        while cur is not None:
            stack.append(cur)
            cur = cur.left
        cur = stack.pop()
        print(cur.val)
        cur = cur.right
```

`cur` म्हणजे आपलं बोट, `stack` म्हणजे यादी. आतला `while` डावीकडे उतरत राहतो, `pop` शेवटचा नोड उचलतो. प्रत्येक नोड यादीत एकदाच शिरतो आणि एकदाच बाहेर पडतो. सात नोडांसाठी सात वेळा ठेवणं, सात वेळा उचलणं, बस्स. रिकर्शनच्या फंक्शनला याच झाडासाठी १५ वेळा बोलावलं जातं, कारण सात नोडांखेरीज आठ पोकळ्यांतही ते डोकावून येतं.

इथवर कुणी म्हणेल की काम तेच, फक्त लिहिण्याची तऱ्हा बदलली. तसं ते नाही, आणि हा फरक पाठ्यपुस्तकं सहसा घाईने ओलांडतात. ३५ उचलण्याआधी यादीत कोण होतं ते पुन्हा पाहावं: ५०, ४०, ३५. झाडात ५० पासून ३५ पर्यंतची वाट मात्र ५०, ३०, ४०, ३५ अशी आहे. मधला ३० यादीत नाही.

तो नाही, कारण त्याच्याकडे परत जायचं काही कामच उरलेलं नाही. त्याची डावी बाजू झाली, त्याचा स्वतःचा आकडा छापला गेला आणि उजव्या बाजूचा ताबा बोटाने घेतला. ५० आणि ४० मात्र थांबून आहेत, कारण त्यांचे आकडे छापायचे बाकी आहेत. म्हणजे ही यादी आपण चालून आलेल्या वाटेची नाहीच. ज्यांच्या डाव्या बाजूत आपण शिरलो आणि ज्यांचा आकडा अजून यायचाय, अशा थांबलेल्या नोडांची ती यादी आहे. हे एकदा ध्यानात आलं की कार्यक्रमाची कुठलीही ओळ पाठ करावी लागत नाही. यादीत कोण असायला हवं, हे झाडाकडे पाहूनच सांगता येतं.

रिकर्शनमध्ये ३० ची सुटका इतक्या लवकर होत नाही. त्याने शेवटच्या ओळीत उजवीकडे जायला सांगितलं आणि तिकडचं काम संपेपर्यंत त्याची नोंद कॉल स्टॅकवर तशीच पडून राहिली, करण्यासारखं काही नसतानाही. सी भाषेचे काही कंपायलर सुधारित कोड तयार करताना अशी निरर्थक नोंद गाळू शकतात. पायथन गाळत नाही.

सुरुवातीच्या दोन हजार आकड्यांचं कोडं इथे सुटतं. चढत्या क्रमाने भरलेल्या झाडात प्रत्येक नवा आकडा आधीच्याच्या उजवीकडे लटकतो. झाड नावाचं, प्रत्यक्षात ती उजवीकडे उतरणारी एक लांब साखळी. रिकर्शन या साखळीत उतरताना प्रत्येक नोडची नोंद मागे ठेवत गेलं आणि मर्यादेला धडकलं. आपल्या यादीत मात्र १ शिरतो, लगेच बाहेर येतो, छापला जातो. मग २ शिरतो, बाहेर येतो. यादीची लांबी एकाच्या वर कधी जातच नाही. दोन हजारच काय, वीस लाख आकडे असले तरी एकच.

उतरत्या क्रमाने भरलं, तर चित्र पालटतं. २००० च्या डावीकडे १९९९, त्याच्या डावीकडे १९९८, अशी डावी साखळी होते आणि पहिला आकडा छापण्याआधी दोन हजारही नोड यादीत जाऊन बसतात. इथे आपल्या पद्धतीला जागेची बचत साधत नाही. पण काम अडतही नाही, कारण ही यादी कॉल स्टॅकवर नसून साध्या मेमरीत असते आणि तिला हजाराची वेस नसते. ६४ बिटांच्या यंत्रावर यादीतली एक नोंद म्हणजे आठ बाइटचा पत्ता. दहा लाखांची डावी साखळी असली तरी सुमारे ८० लाख बाइट, म्हणजे फोनवर काढलेल्या एखाद-दोन छायाचित्रांएवढी जागा. पायथनची मर्यादा `sys.setrecursionlimit` वापरून वाढवता येते हे खरं, पण ती अवाच्या सवा वाढवली तर अख्खा प्रोग्रॅम कोसळू शकतो, असा इशारा पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच दिलेला आहे.

आता चुका. त्या ठरावीक असतात आणि पडद्यावर काय उमटलं त्यावरून ओळखूही येतात.

सगळ्यात जास्त घोटाळा बाहेरच्या `while`च्या अटीत होतो. तिथे दोन भाग आहेत, बोट आणि यादी, आणि दोन्ही लागतात. नुसतं `while stack` लिहिलं तर पडद्यावर काहीच येत नाही, कारण सुरुवातीला यादी रिकामी असते आणि लूप सुरूच होत नाही. यावर काही जण मुळाचा नोड आधीच यादीत ढकलून पळवाट काढतात. त्याने भलताच दोष निर्माण होतो, कारण ५० छापून झाल्यावर यादी पुन्हा रिकामी होते आणि ८० ची संपूर्ण बाजू बाहेरच राहते. उलट नुसतं `while cur is not None` लिहिलं तर एकटा २० छापला जातो. २० च्या उजवीकडे पोकळी आहे, बोट तिथे गेलं, लूप संपला, आणि ५० आणि ३० यादीत ताटकळत राहिले. आपल्या झाडावर फक्त पहिला आकडा आला किंवा मुळाच्या उजवीकडचं सगळं गळालं, तर आधी ही अट तपासावी.

दुसरी चूक दिसायला अगदी शहाणपणाची असते. शेवटची ओळ `cur = cur.right` अशी सरळ न लिहिता कुणी काळजीपोटी लिहितो: उजवीकडे काही असेल तरच बोट हलव.

```
        if cur.right is not None:
            cur = cur.right
```

मग पडद्यावर २०, २०, २०, २० असा न संपणारा पाऊस सुरू होतो. २० च्या उजवीकडे काही नाही, म्हणून बोट २० वरच राहिलं. बोट नोडवर आहे म्हटल्यावर लूपने तो पुन्हा यादीत टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा छापला. बोटाने पोकळीत जाणं ही अडचण नव्हतीच. ‘या बाजूचं काम संपलं, आता यादीकडे बघ’ हा निरोप बोट पोकळीत जाऊनच देतं.

तसाच पाऊस आणखी एका कारणाने पडतो. काही जण बोट ठेवतच नाहीत. यादीच्या टोकाला कोण आहे ते बघायचं, त्याला डावं अपत्य असेल तर ते यादीत ढकलायचं, नसेल तर त्याला उचलून छापायचं, असा बेत ते करतात. २० छापून झाला की टोकाला ३० येतो. त्याला डावं अपत्य आहेच, २०. ते पुन्हा यादीत! आपण डावीकडून नुकतेच परतलो, की अजून जायचंय, हे नुसत्या यादीवरून कळत नाही. ते सांगायलाच बोट लागतं.

तपासणीची सोय या फेरीत आयतीच आहे. सर्च ट्री नीट भरलेलं असेल, तर छापलेले आकडे चढतेच असायला हवेत आणि त्यांची संख्या नोडांएवढीच. यातलं काहीही चुकलं, तर प्रत्येक `pop`च्या आधी यादी छापून बघावी. थांबलेल्या नोडांमध्ये न शोभणारा पाहुणा लगेच नजरेत भरतो.

हाताने ठेवलेल्या यादीचा सगळ्यात मोठा फायदा मात्र वेगळाच आहे. काम मधेच थांबवता येतं. झाडातले सर्वांत लहान तीनच आकडे हवे असतील, तर २०, ३०, ३५ छापून लूप सोडून द्यावा. एवढंच नव्हे, तर यादी आणि बोट जपून ठेवलं, तर उद्या चौथा आकडा तिथूनच पुढे मागता येतो. मागच्या वेळी यादीत ५० आणि ४० थांबलेले होते, एवढी माहिती पुरे. साधं रिकर्शन असं अर्ध्यावर गोठवून ठेवता येत नाही. दोन झाडांतले आकडे एकत्र करून एकच चढती मालिका काढायची असेल, तर दोन याद्या ठेवायच्या, दोन्हींकडून एकेक आकडा मागायचा आणि लहान असेल तो पुढे सरकवायचा. ‘पुढचा आकडा दे’ म्हटल्यावर एखाद्या वेळी डावीकडे बरंच उतरावं लागतं, पण प्रत्येक नोड एकदाच शिरत-निघत असल्यामुळे सरासरीने दर आकड्यामागे काम थोडंच पडतं.

ही एकमेव वाट आहे असं नव्हे. जावाचा `TreeMap` किंवा लिनक्स कर्नलमधलं रेड-ब्लॅक ट्री प्रत्येक नोडमध्ये त्याच्या पालकाचाही पत्ता ठेवतं. त्यामुळे परत वर चढायला यादीच लागत नाही. किंमत म्हणून प्रत्येक नोडमागे एक पत्ता जास्त सांभाळावा लागतो. जोसेफ मॉरिस यांनी १९७९ साली याहून धीट युक्ती छापली. तिच्यात ना स्टॅक, ना पालकाचा पत्ता. चालता चालता झाडातल्याच रिकाम्या जागांत परतीचे तात्पुरते दुवे बांधायचे आणि काम झालं की सोडायचे. युक्ती देखणी आहे, पण फेरी चालू असताना झाड बदललेलं असतं. त्याच वेळी दुसरं कुणी ते वाचत असेल, तर गोंधळ ठरलेला. शिकणाऱ्याने आधी यादीची पद्धत पक्की करावी आणि मॉरिसकडे नंतर वळावं.

आणि पोस्टऑर्डर, म्हणजे आधी डावं, मग उजवं आणि शेवटी स्वतःचा आकडा, ही फेरी याच लूपमध्ये एक ओळ हलवून निघेल असं समजू नये. तिथे उजवीकडून परतल्यावरही नोड लागतोच, म्हणून ३० ला इतक्या लवकर यादीतून सोडता येत नाही, आणि आपण त्याच्या कोणत्या बाजूने परतलो याचीही खूण ठेवावी लागते.

वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन वरच्याच झाडात ४५ भरून पाहावा. तो ४० च्या उजवीकडे बसेल. मग संगणकाला हात न लावता एवढंच सांगावं: ४५ उचलून छापला जात असताना यादीत कोण उरलेलं असेल? उत्तर आहे फक्त ५०. ३० आणि ४० का नाहीत, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर वरचा कोड न बघता लिहून पाहायला हरकत नाही.